डेट तिची, तोंड वाकडं त्याचं

जिवलग मित्राला दुसरीच कुणी आवडली की मैत्रिणीच्या पोटात कालवतं, आणि पोटात कालवलं म्हणजे ते प्रेमच, हे गणित हिंदी सिनेमाने आपल्याकडून पक्कं पाठ करून घेतलंय. ‘कुछ कुछ होता है’मधल्या (1998) अंजलीला राहुलवरचं स्वतःचं प्रेम कळतं ते तो टीनात गुंतल्यावर. ‘जाने तू... या जाने ना’ (2008) तर सगळा याच गणितावर उभा आहे. जय आणि अदिती जगाला सांगत राहतात, की आम्ही फक्त मित्र आहोत. मग दोघांच्याही आयुष्यात दुसरं कुणी येतं, दोघंही आतून जळू लागतात आणि शेवटी विमानतळावर उलगडा होतो. त्यामुळे आज एखादी मुलगी डेटवरून आली आणि तिचा मित्र गप्प गप्प झाला, तर ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘अगं, दिसत नाही का तुला? प्रेमात आहे तो तुझ्या.’’

पडद्यावर हे खरं ठरतं, कारण पटकथा तशीच लिहिलेली असते. पडद्याबाहेर मात्र मित्राच्या जळण्यातून एवढंच कळतं, की आपलं काहीतरी हातचं जातंय असं त्याला वाटतंय. नेमकं काय जातंय, हे त्या जळण्यात लिहिलेलं नसतं. ते प्रेम असू शकतं, शनिवारची संध्याकाळ असू शकते किंवा ‘हिचा सगळ्यात जवळचा माणूस मी’ हा मान असू शकतो. बाहेरून तिन्हींचा चेहरा सारखाच दिसतो. मेसेजला ‘हम्म’ एवढंच उत्तर, समोरच्याच्या फोटोत काढलेली खोड, आणि ‘जा की मग, मला काय विचारतेस’ हा सूर.

मैत्रीतला मत्सर म्हणजे पोरकटपणा, असं आपण शाळेतच ठरवून टाकलेलं असतं. बाकावरची जागा बदलली म्हणून कट्टी घेणाऱ्या मुलींची ती गोष्ट, मोठ्यांना तसलं काही होत नाही, अशी समजूत. मानसशास्त्रानेही बराच काळ मत्सराचा अभ्यास मुख्यतः नवरा-बायको आणि प्रियकर-प्रेयसी यांच्यापुरताच केला. अलीकडे मात्र मोठ्या माणसांच्या मैत्रीतल्या मत्सराकडे नीट लक्ष दिलं गेलं. जेमी क्रेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना आपल्या जिवलग मित्राची कल्पना करायला सांगितली आणि पुढे वेगवेगळे प्रसंग ठेवले. मित्र दुसऱ्या गावी गेला, मित्राला प्रेयसी मिळाली, मित्राला नवा मित्र मिळाला, तर काय वाटेल? गाव सोडून जाण्याने लोकांना प्रामुख्याने वाईट वाटलं. मत्सर जागा झाला तो तिसरं माणूस मध्ये आल्यावर. आणि गंमत अशी, की प्रेयसी सहसा जास्त वेळ खाते, तरी लोक अधिक जळले ते नव्या मित्रावर.

याचा अर्थ लावताना अभ्यासकांनी जे म्हटलं ते आपल्या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. मैत्रीतला मत्सर नुसत्या वेळेचा हिशेब ठेवत नाही. ‘माझी जागा दुसरं कुणी घेतंय का’ याचा तो हिशेब ठेवतो. प्रेयसी सहसा मित्राची जागा घेत नाही, तिचं खातं वेगळं असतं. नवा मित्र मात्र थेट आपल्याच खुर्चीवर येऊन बसतो.

इथे एखादी चलाख मैत्रीण लगेच म्हणेल, ‘‘म्हणजे झालंच की! मित्र सहसा प्रेयसीवर एवढे जळत नसतील, आणि हा माझ्या डेटवर जळतोय, तर याच्या मनात नक्कीच काहीतरी आहे.’’ युक्तिवाद वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मित्राची जागा आणि जोडीदाराची जागा वेगवेगळ्या आहेत. घरापासून दूर, एकट्याने शहरात राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत नेमकं तेच खरं नसतं.

पुण्यात किंवा मुंबईत नोकरीसाठी राहणाऱ्या, लग्न न झालेल्या अठ्ठावीस-तिशीतल्या दोघा मित्रांचं आयुष्य पाहा. ताप आला तर क्रोसिन कोण आणून देतं? घरमालकाशी डिपॉझिटवरून वाजलं तर सोबत कोण जातं? ऑफिसात साहेब काय बोलला हे रात्री साडेदहाला कुणाला सांगितलं जातं? दिवाळीला गावी जायचं तिकीट कुणाबरोबर काढलं जातं? पूर्वी ही कामं घरच्यांकडे असायची, नाहीतर नवरा-बायकोकडे. आता ती जिवलग मित्राकडे आलेली असतात. त्या दोघांत प्रेमाचा लवलेशही नसेल, तरी जोडीदाराची निम्मी कामं हा मित्रच करत असतो. अशा वेळी डेट म्हणजे वेगळ्या खात्यातली घटना राहत नाही. डेटवरचा माणूस पुढे टिकला, तर ताप आल्यावरचा फोन त्याला जाणार आणि साडेदहाचाही त्यालाच. मित्राला हे शब्दांत मांडता येत नसेल, पण त्याला ते कळलेलं असतं.

त्याची भीती निराधार नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार माणसाच्या नात्यांची वर्तुळं मोजण्यासाठी प्रसिद्ध आहेत. अगदी आतल्या वर्तुळात माणसाची साधारण पाच माणसं असतात, असं त्यांचं म्हणणं. प्रेमात असलेल्यांच्या त्या वर्तुळात त्यांना सरासरी चारच माणसं आढळली, आणि त्या चारातला एक म्हणजे स्वतः जोडीदार. पाचातून तिघं उरले, म्हणजे एक प्रेम साधारण दोन जवळच्या माणसांना बाहेर ढकलतं. मित्राला डनबार माहीत नसेल, पण आधी जोडीदार मिळालेल्या मित्रांचं काय झालं हे त्याने पाहिलेलं असतं.

आपल्याकडे त्यात आणखी एक पदर आहे, आणि परदेशी अभ्यासांत तो सापडणार नाही. मुलीचा मित्र असेल तर त्याला हे ठाऊक असतं, की तिचं लग्न म्हणजे या मैत्रीची मुदत. सासरी काय म्हणतील, नवऱ्याला चालेल का, रात्री फोन करायचा की नाही, नुसत्या मेसेजवर भागवायचं का, हे प्रश्न लग्नाच्या कितीतरी आधी मैत्रीत येऊन बसतात. मुलाच्या मैत्रिणीचंही तेच. वहिनी आली की ‘ही कोण?’ हा प्रश्न येणार, हे तिला माहीत असतं. त्यामुळे आपल्या मित्रमंडळीत डेटवर जे जळणं दिसतं, त्यातला बराच भाग आज गेलेल्या शनिवारबद्दल नसतोच. तो दोन वर्षांनी येणाऱ्या निरोपाबद्दल असतो. माझ्या मते मराठी घरांतल्या अशा मैत्रीत हेच कारण सगळ्यात जास्त वेळा असतं आणि सगळ्यात कमी वेळा बोललं जातं.

आणखी एक कारण साधं आहे म्हणून पटकन सांगून टाकतो. कधी कधी मित्र तुमच्यामुळे जळत नसतो, तुमच्या नशिबामुळे जळत असतो. त्याचं स्वतःचं डेटिंग ॲप महिनोन्‌महिने थंड पडलेलं असतं, घरून स्थळांचा तगादा चालू असतो, आणि तुम्ही मात्र दर आठवड्याला नवी गोष्ट घेऊन येता. हा हेवा आहे. तो ओळखायला सोपा, कारण त्यात त्याचं बोलणं तुमच्यावरून सारखं स्वतःवर घसरतं: ‘तुझं बरं आहे बाबा’, ‘आमच्या नशिबात कुठलं’. त्याला स्वतःला कुणी भेटलं की तो दोन दिवसांत विरतो.

मग प्रेम कसं ओळखायचं? एकाच जोडीची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतो, म्हणजे फरक कुठे पडतो ते दिसेल. दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत.

सायली अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. निखिल तिचा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडवर भेटायचं, चहा, मग कुठेतरी मिसळ नाहीतर डोसा, आणि दहापर्यंत गप्पा, हे कित्येक वर्षं चाललेलं. सायलीच्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री निखिलच बसला होता. यंदा सायली तीन जणांना भेटली. पहिला औंधचा. त्याने तासभर स्वतःच्या गाडीचं मायलेज सांगितलं. निखिलने त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. दुसरा नाशिकचा डॉक्टर, माणूस चांगला, पण भेट क्वचित, फक्त मधल्या वारी रात्री व्हिडिओ कॉल. निखिलने त्याची चौकशी केली, ‘चांगला वाटतोय’ म्हणाला, आणि विषय संपला. ते पुढे दूरपणामुळे आपोआप बारगळलं. तिसरा कोथरूडचा आर्किटेक्ट. त्याला सुट्टी शनिवारचीच, त्यामुळे सायलीचे सलग तीन शनिवार तिकडे गेले. आणि निखिल बदलला. मेसेजला उशिरा उत्तर, ‘वेळ असेल तर ये, नसेल तर राहू दे’, आर्किटेक्टच्या दाढीवरून टोमणा.

ग्रुपचं निदान तयारच होतं. पण सायलीला आठवलं, की गेल्या पावसाळ्यात ती ऑफिसातल्या केतकीबरोबर ट्रेकला जायला लागली होती. लोहगड, तिकोना, मग कळसूबाई. तेव्हाही निखिल असाच फुरंगटला होता. ‘आता तू मोठ्या लोकांत उठबस करणार’ हे वाक्य तेव्हाचंच. केतकीवर त्याचं प्रेम नव्हतं, आणि केतकीमुळे सायली त्याच्या हातून ‘निसटली’ असंही कुणाला वाटलं नव्हतं. शनिवार गेला होता, एवढंच. मग सायलीने एक केलं. आर्किटेक्टला रविवार दिला आणि शनिवार पुन्हा निखिलचा केला. दोन आठवड्यांत निखिल पूर्ववत झाला. आर्किटेक्ट मात्र आहे तिथेच आहे, त्याच्याबद्दलच्या गोष्टीही चालू आहेत, आणि निखिल त्या ऐकून हसतोही. हा मैत्रीतला मत्सर होता. जागा परत मिळाली, मत्सर उतरला.

आता तीच गोष्ट, थोडे तपशील बदलून. केतकीच्या ट्रेकच्या वेळी निखिलला काहीच झालं नव्हतं, उलट तो एकदा सोबतही गेला. औंधच्या गाडीवाल्यावर तो याही वेळी मनापासून हसला. पण नाशिकच्या डॉक्टरच्या वेळी, म्हणजे निखिलचा एकही शनिवार गेलेला नसताना, तो कोसळला. कारण डॉक्टर खरोखरच चांगला होता. सायली जितकी आनंदाने सांगायची, तितका निखिल खचत जायचा. तिने जास्त वेळ दिला तरी फरक नाही. उलट समोर बसून डॉक्टरबद्दल ऐकणं त्याला अधिक जड जायचं. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘असं काय आहे त्याच्यात?’’ डॉक्टरचं बारगळलं तेव्हा सायली रडली. निखिलने तिला नीट सांभाळलं, पण त्याच्या चालण्याबोलण्यात असा एक हलकेपणा आला, की तो त्याला लपवता आला नाही. आणि आठवड्याभरात त्याने विचारलं, ‘‘आता लगेच दुसऱ्या कुणाला भेटणार आहेस का?’’

दुसऱ्या तऱ्हेतला निखिल प्रेमात आहे असं मी म्हणेन, किंवा निदान त्या दिशेला बराच पुढे गेलाय. कारण त्याचा मत्सर वेळेवर अवलंबून नाही, तो समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून आहे. जागा गमावलेल्या मित्राला वेळ खाणारा माणूस खुपतो, मग तो चांगला असो की वाईट, पुरुष असो की बाई. प्रेमात असलेल्याला शोभणारा माणूस खुपतो. रद्दड डेट त्याला आवडते, चांगली डेट त्याला झोपू देत नाही. आणि ‘असं काय आहे त्याच्यात’ हा प्रश्न मित्राचा नसतो, उमेदवाराचा असतो. त्यात तो स्वतःला शेजारी उभा करून तुलना करत असतो.

या दोन निखिलांच्या मध्ये एक तिसराही निखिल असतो, तोही लक्षात ठेवायला हवा. त्याला तिसराच माणूस खुपतो, कारण त्या माणसात खरोखर खोट आहे. तो वेटरवर खेकसतो, सायलीचा फोन हिसकावून बघतो, भेटीची जागा ऐनवेळी बदलतो. हा निखिल ‘मला तो आवडला नाही’ एवढ्यावर थांबत नाही. तो नेमकं काय पाहिलं ते सांगतो, आणि ते तुम्ही स्वतः तपासू शकता. तुम्ही त्याला कितीही वेळ दिलात तरी त्याची तक्रार मिटत नाही, कारण ती वेळेची नव्हतीच. या काळजीला मत्सर ठरवून झटकून टाकण्याइतकी वाईट चूक नाही. ‘तो जळतोय रे’ असं म्हणत मुली चांगल्या मित्रांचं म्हणणं उडवून लावतात, आणि त्यांच्या डेटवरच्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

इथवर आपण मित्राला तपासलं. पण तपासणाराही कोरा नसतो. अमेरिकेतल्या एप्रिल ब्लेस्की-रेचेक यांनी 88 मित्र-मैत्रिणींच्या जोड्यांना एकत्र बोलावलं, मग दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, की समोरच्याबद्दल तुम्हाला आकर्षण वाटतं का, आणि समोरच्याला तुमच्याबद्दल वाटत असेल असं वाटतं का. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुरुषांचं आकर्षण सरासरीने जास्त निघालं. पण खरी मौज पुढे आहे. मैत्रिणीला आपल्याबद्दल काय वाटतं, हे पुरुषांनी प्रमाणाबाहेर वाढवून धरलं. बायकांनी उलट, मित्राला आपल्याबद्दल काय वाटतं ते कमी धरलं. थोडक्यात, दोन्ही बाजूंनी आपल्याच मनातलं समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचलं. ही सगळी कॉलेजातली अमेरिकन मुलं होती, म्हणून ती जशीच्या तशी आपल्यावर लावता येणार नाहीत. तरी एवढं घेता येईल, की मैत्रीण रागावली म्हणून ‘आहे हिच्या मनात’ असं ठरवणाऱ्या मुलाने दोनदा विचार करावा, आणि ‘छे, तो तर भावासारखा’ असं म्हणणाऱ्या मुलीनेही.

स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. मित्राच्या जळण्याचा अर्थ तुम्ही एवढा का शोधताय? जर उत्तर ‘नाही, त्याच्या मनात काहीच नाही’ असं आलं, तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल की हिरमुसल्यासारखं? हिरमुसलात, तर तपास त्याचा नव्हता, तुमचा होता. डेटवरून आल्यावर पहिला फोन त्यालाच करणारे, आणि डेटमधले तपशील जरा रंगवूनच सांगणारे लोक मी पाहिलेत. तिथे निखिलपेक्षा सायलीकडे बघावं लागतं.

मित्र आणि मैत्रीण असं लिहीत आलो, कारण आपल्याकडे संशय आधी तिथेच घेतला जातो. पण दोन मैत्रिणींत किंवा दोन मित्रांत दिसणारं जळणं आपोआप ‘फक्त मैत्री’ ठरत नाही, आणि मुलगा-मुलगी असले म्हणून ते आपोआप ‘प्रेम’ही ठरत नाही. वरच्या सगळ्या खुणा तिथेही तशाच लागू आहेत. फरक एवढाच, की एखादी मुलगी मैत्रिणीवर प्रेम करत असेल, तर ते बोलून दाखवण्याची किंमत तिच्यासाठी कितीतरी मोठी असते. म्हणून ते बोलण्याऐवजी मत्सरातूनच जास्त दिसू शकतं.

या विषयावर बोलताना एक आकडा नेहमी पुढे येतो, तोही पाहून घेऊ. कॅनडातल्या डॅनू स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं, की त्यांच्या जवळपास 1900 सहभागींपैकी 68 टक्के लोकांचं प्रेमप्रकरण मैत्रीतून सुरू झालं होतं. आकडा मोठा आहे, आणि तो वाचून ‘बघ, मैत्रीतूनच होतं सगळं’ असं म्हणायचा मोह होतो. पण तो उलटा वाचला जातो. प्रेमात पडलेल्यांपैकी बहुतेक आधी मित्र होते, याचा अर्थ मित्रांपैकी बहुतेक प्रेमात पडतात असा होत नाही. तुमच्या स्वतःच्या मित्रांची यादी काढा आणि त्यातल्या किती जणांशी तुमचं जुळलं ते मोजा, म्हणजे हिशेब जागेवर येईल.

आता सगळ्यात अवघड भाग. मित्राला स्वतःलाच कळलेलं नसेल तर? ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’ (1997) मधली ज्युलियन आठवते का? जुन्या मित्राचा फोन येतो, तो दुसऱ्या मुलीशी लग्न करतोय, आणि तेवढ्या फोनवर तिला साक्षात्कार होतो की आपलं याच्यावर प्रेम आहे. ती लग्न मोडायला निघते. लग्न काही मोडत नाही, आणि प्रेक्षकाला शेवटपर्यंत शंका राहते, की तिला तो हवा होता की तो दुसऱ्याचा व्हायला नको होता. हिंदी सिनेमाने हा प्रश्न सहसा पडू दिला नाही, म्हणून हा सिनेमा मला जास्त खरा वाटतो. हातची गोष्ट जाताना तिची किंमत वाढते. अशा वेळी उठलेल्या कासाविशीला माणूस प्रेम म्हणून बसतो, कारण तिला दुसरं नावच त्याला कुणी दिलेलं नसतं.

याची परीक्षा काळ करतो. प्रेम तुमच्या डेटच्या बातमीवर चालत नाही. तुम्ही सहा महिने कुणालाही भेटला नाहीत, शनिवार सगळे त्याचेच होते, तरी ते तिथेच असतं. तुमच्याबद्दलचे विचार त्याला सारखे येतात, तुमच्या साध्या वाक्यातही तो अर्थ शोधतो, तुमच्या एका मेसेजवर त्याचा दिवस चांगला किंवा वाईट जातो. फक्त प्रतिस्पर्धी आला की जागं होणारं आणि तो गेला की घोरत पडणारं जे काही आहे, त्याला प्रेम म्हणायची घाई करू नये. त्याने स्वतः डेट संपल्याबरोबर कबुली दिली, तरीही. मग महिनाभर थांबून, कुणी स्पर्धक नसताना, तीच कबुली टिकते का ते पाहावं.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. मित्र तुमचं लोकेशन मागू लागला, डेटच्या वेळी मुद्दाम सतत फोन करू लागला, समोरच्याला तुमच्याबद्दल काहीबाही कळवू लागला, किंवा ‘तू गेलीस तर मी स्वतःचं काहीतरी करून घेईन’ म्हणू लागला, तर त्यामागे प्रेम आहे की मैत्री हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. कारण काहीही असो, ती वागणूक थांबवायची असते, आणि एकट्याने नाही. जीव देण्याची भाषा आली तर घरच्यांना किंवा समुपदेशकाला लगेच सांगायचं.

बाकी सगळ्यांसाठी उरतो तो विचारण्याचा प्रश्न. इथे लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे परीक्षा घेणं: नसलेली डेट सांगून त्याचा चेहरा वाचणं, किंवा त्याच्यासमोर दुसऱ्याशी जरा जास्तच हसणं. त्यातून फक्त मत्सर होतो एवढंच पुन्हा सिद्ध होतं, आणि ते तर आधीच माहीत होतं. दुसरी चूक म्हणजे थेट ‘तुला मी आवडते का?’ असं विचारणं. या प्रश्नाला दोनच दारं असतात. आवडत असेल तर घाबरून तो ‘छे’ म्हणतो, आवडत नसेल तर अपमान झाल्यासारखा ‘छे’ म्हणतो, आणि तुम्ही होतात तिथेच राहता.

त्यापेक्षा जे दिसलं ते सांगावं आणि अर्थ त्याच्यावर सोडावा. ‘‘निखिल, मी शनिवारी येणार नाही म्हटलं की तू चिडतोस. तेव्हा काय होतं तुला?’’ एवढंच. मध्ये पर्याय पुरवायचे नाहीत, त्याच्या वतीने वाक्य पूर्ण करायचं नाही. थोडी शांतता झाली तर होऊ द्यायची. ‘‘तुझं लग्न झालं की संपलंच ना हे सगळं’’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला आता माहीत आहे की बोलायचं आहे ते मैत्रीबद्दल. शनिवारचं काय करायचं, पुढे जोडीदाराशी याची ओळख कशी करून द्यायची, हे तिथेच ठरवता येतं. उत्तर दुसरं आलं, तर लगेच हो किंवा नाही म्हणायची सक्ती तुमच्यावर नाही. ‘‘मला विचार करू दे’’ हे पूर्ण उत्तर आहे. आणि नाही म्हणायचं असेल तर ते स्पष्ट म्हणावं, आणि निदान काही दिवस डेटच्या गोष्टी त्याला सांगणं बंद करावं. नकार देऊनही त्याच्याकडूनच नव्या माणसाबद्दल सल्ला मागणं हा क्रूरपणा आहे.

हे विचारायचं तर पुढच्या डेटच्या आधी, एखाद्या मोकळ्या दिवशी विचारा, डेटवरून आल्या आल्या नको. आणि तो ‘नाही, मला फक्त आपली मैत्री जाईल असं वाटतं’ म्हणाला, तर त्याचं म्हणणं खरं माना. ग्रुपमधल्या कुणी काहीही म्हणो.